काचेवरचा आकाशकंदील

दिवाळीच्या आधी दुकानाच्या काचेवर हौसेने आकाशकंदील रंगवला जातो. तुळशीचं लग्न आटोपलं, की तो पुसायची वेळ येते आणि तिथे घाम निघतो. वास्तविक हे पुसणं सोपं होणार की अवघड, ते रंग कालवतानाच ठरलेलं असतं.

रंग साधा पोस्टर कलर घ्यावा. तीन चमचे रंगात एक चमचा भांडी घासायचं लिक्विड घालून तो दह्याइतका दाट कालवावा. नुसता रंग गुळगुळीत काचेवर आक्रसतो आणि वाळला की त्याचे पापुद्रे सुटतात. साबणामुळे तो सारखा पसरतो आणि पुढे ओल्या फडक्याने सहज निघतो. साबण जास्त झाला तर मात्र रंग ओघळतो. अॅक्रिलिक रंग टाळावा, कारण वाळल्यावर त्याचा प्लास्टिकसारखा थर होतो आणि तो पाण्याला दाद देत नाही. शंका असेल तर कोपऱ्यात एक ठिपका द्यावा आणि दुसऱ्या दिवशी पुसून पाहावा.

परतीच्या पावसाची भीती असते, म्हणून चित्र काचेच्या आतल्या बाजूने काढलेलं बरं. पण मग क्रम उलटा होतो. रस्त्यावरून पाहणाऱ्याला आपण पहिल्यांदा लावलेला रंग सर्वांत पुढे दिसतो. म्हणजे कंदिलावरची सोनेरी नक्षी आधी काढायची, ती वाळली की तिच्यावरून लाल अंग भरायचं आणि शेवटी सगळ्यावर पांढरा हात मारायचा. पांढऱ्यामुळे लाल रंग बाहेरून उठून दिसतो. ‘शुभ दीपावली’ लिहायचं असेल तर पातळ कागदावर जाड मार्करने लिहून तो बाहेरून चिकटवावा, लिहिलेली बाजू रस्त्याकडे ठेवून. उजेडात अक्षरं आतून उलटी दिसतात, ती तशीच गिरवायची. चौकटीपासून चार बोटं जागा सोडावी, कारण काचेच्या कडेच्या सिलिकॉनमध्ये लाल रंग मुरला तर डाग राहतो.

पुसताना पाण्याची बादली ओतू नये; रंगीत ओघळ थेट त्या कडेत जातात. आधी खाली वर्तमानपत्रं अंथरावीत. मग ओलं, घट्ट पिळलेलं फडकं चित्रावर पाचेक मिनिटं दाबून धरावं. रंग मऊ झाला, की जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने वरून खाली ओढून काढावा आणि दर वेळी कार्ड पुसून घ्यावं. ब्लेड वापरू नये. काचेवर फिल्म असेल तर ती फाटते आणि खाली धुळीचा कण अडकला तर चरा पडतो. शेवटी स्वच्छ ओलं फडकं, मग कोरडं.

एवढं झाल्यावर काच तिरक्या उन्हात पाहावी. पुसट पांढुरकी रेघ दिसली तर ती बहुधा साबणाची असते. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून फडकं फिरवलं की तीही जाते.