टक्का नेमका कशाचा?

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एखाद्या छोट्या कारखानदाराला विचारा, जाहिरात-प्रसिद्धीवर वर्षाला किती खर्च करता? ‘शेवटी उरतील तेवढे’ असं उत्तर येईल, नाहीतर ‘उलाढालीच्या दोन टक्के’. दुसरं उत्तर पहिल्यापेक्षा बरं. टक्का ठरला की खर्चाला लगाम बसतो. पण हे दोन टक्के कशाचे, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही, आणि सगळी गफलत तिथेच होते.

समजा, एक कारखाना विहिरीवरच्या पंपांना लागणारे फूट व्हॉल्व्ह बनवतो. जीएसटी सोडून उलाढाल चार कोटी. (जीएसटी सरकारचा पैसा, तो धरून टक्का काढणारेही भेटतात.) त्यातले अडीच कोटी दोन मोठ्या पंप कंपन्यांना पुरवलेल्या कास्टिंगचे, आणि दीड कोटी स्वतःच्या नावाने डीलरमार्फत विकलेल्या व्हॉल्व्हचे. चार कोटींचे दोन टक्के म्हणजे आठ लाख. आता कास्टिंगची ऑर्डर काही एसटी स्टँडवरचा फलक बघून येत नाही. ती दर, वेळेवर पुरवठा आणि रिजेक्शनचं प्रमाण बघून येते. म्हणजे आठ लाखांचं ओझं खरं तर दीड कोटींवरच पडतं, आणि दोन टक्के म्हणता म्हणता ते सव्वापाचच्या वर जातं.

म्हणून दोन्ही धंदे आधी वेगळे मांडायचे. कास्टिंगसाठी अर्धा टक्का, म्हणजे सव्वा लाख, पुरे: नमुने, ग्राहकांच्या भेटी, नवा तिसरा ग्राहक मिळवण्याची खटपट. खरा विचार करायचा तो स्वतःच्या ब्रँडचा.

तिथे सुरुवात जुन्या वह्यांपासून. गेल्या तीन वर्षांची खतावणी काढली की कळतं, जाहिरातीचा खर्च ‘जाहिरात’ या खात्यात फारसा नसतोच. डीलरच्या दुकानाचा बोर्ड ‘किरकोळ’मध्ये, दिवाळीच्या भेटी ‘कार्यालयीन’मध्ये, प्रदर्शनाला गेलेल्या माणसांचं जेवणखाण ‘प्रवासा’त. सगळं एकत्र केल्यावर समजा गेल्या वर्षीचा आकडा साडेचार लाख निघाला, तर ते दीड कोटींचे तीन टक्के झाले. न ठरवताही खर्च होतच होता.

पुढच्या वर्षी ब्रँडची विक्री एक कोटी ऐंशी लाखांवर न्यायची आहे. टक्का लावायचा तो या येणाऱ्या आकड्यावर. मागच्या आकड्यावर लावला तर वाढीसाठी पैसा उरत नाही. चार टक्के धरले तर सात लाख वीस हजार, म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा दोन लाख सत्तर हजार जास्त. हे झेपतील का? शंभर रुपयांच्या विक्रीतून माल, मजुरी, वीज, वाहतूक वजा जाता तीस रुपये हाती राहत असतील, तर हा जादा खर्च भरून निघायला नऊ लाखांची जादा विक्री हवी. उद्दिष्ट तीस लाखांच्या वाढीचं आहे, तेव्हा चार टक्के चालतील. शंभरातले बाराच रुपये राहत असते, तर साडेबावीस लाखांची वाढ नुसती खर्च फेडण्यात गेली असती. शेजारच्या कारखान्याचा टक्का उचलू नये तो यासाठी.

टक्क्यात एक जन्मजात खोट आहे. पाऊस दगा देतो, विहिरी आटतात, विक्री घसरते आणि तिच्याबरोबर बजेटही आपोआप आक्रसतं. नेमकं तेव्हाच, जेव्हा डीलर दुसऱ्याचा माल ठेवायला लागलेला असतो. यावर साधा तोडगा असा, की एप्रिलमध्ये सगळी रक्कम वाटून टाकायची नाही. प्रदर्शनं आधी ठरवावीच लागतात. मोशीचं ‘किसान’ डिसेंबरात भरतं आणि तिथे गाळ्याच्या भाड्यावर मांडणी, वाहतूक, मुक्काम यांचा वेगळा खर्च येतो. पण एक पंचमांश रक्कम, इथे दीडेक लाख, ऑक्टोबरपर्यंत राखून ठेवावी. पावसाचा अंदाज तोवर आलेला असतो, आणि पंपांचा उन्हाळी हंगाम अजून पुढे असतो.

सगळ्यात फसवा असतो तो मार्चचा आकडा. ‘दहावर एक फुकट’ अशी योजना काढली की डीलर माल भरतात, बिलं फुगतात, सगळे खूश. एप्रिल-मे मात्र कोरडे जातात, कारण माल शेतकऱ्याकडे गेलेलाच नसतो, डीलरच्या गोदामात पडून असतो. हीच फुगलेली विक्री पुढच्या वर्षीच्या टक्क्याचा पाया झाली, तर चुकीवर चूक चढते. म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मोठ्या डीलरांकडे माणूस पाठवून पेट्या मोजून घ्याव्यात. नेहमीपेक्षा सहा लाखांचा माल जास्त पडून असेल, तर वर्षाच्या विक्रीतून सहा लाख वजा करायचे, आणि मग पुढच्या वर्षीचं उद्दिष्ट आणि टक्का मांडायला बसायचं.