पेट्रोल की डिझेल? आधी विचारा, तुलना कोणत्या अटीवर!

मागच्या भागात आपण कार्नो सायकल पाहिली. आज ओटो आणि डिझेल या दोन सायकलींचं एक उदाहरण सोडवू. ओटो म्हणजे पेट्रोल इंजिनाची आदर्श सायकल, आणि डिझेल कशाची ते नावातच आहे.

या उदाहरणात एक गंमत नेहमी होते. विद्यार्थी दोन्ही उत्तरं बरोबर काढतात, आकडे डिझेलच्या बाजूने येतात, आणि खाली निष्कर्ष लिहितात, ‘ओटो सायकलची कार्यक्षमता डिझेलपेक्षा जास्त असते.’ कारण ते वाक्य पाठ असतं. वाक्य खोटं नाही, पण त्याला एक अट आहे आणि ती पाठ करताना गळून पडते. ती अट कोणती, हेच आज बघायचं.

उदाहरण असं. दोन्ही इंजिनं १ बार दाबाची आणि २७ अंश सेल्सिअस तापमानाची हवा आत घेतात. पेट्रोल इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो ८ आहे. डिझेल इंजिनाचा १८ आहे आणि कट-ऑफ रेशो २. दोघांना प्रति किलो हवेला सारखीच उष्णता मिळते. कार्यक्षमता काढा आणि तुलना करा. हवेसाठी γ = 1.4, cp = 1.005, cv = 0.718, एकक किलोज्यूल प्रति किलो केल्व्हिन.

पहिलं काम, २७ अंशांचे ३०० केल्व्हिन करून घ्या. तापमानांचं गुणोत्तर घ्यायचं असेल तिथे सेल्सिअस चालत नाही.

आधी ओटो. पिस्टन हवा दाबतो तेव्हा उष्णता आत येत नाही, बाहेर जात नाही, म्हणून दाबलेल्या हवेचं तापमान असं मिळतं:

T2 = T1 × r^(γ−1)

८ चा ०.४ घात २.२९७ येतो. ३०० ला त्याने गुणलं की ६८९ केल्व्हिन. कार्यक्षमतेचं सूत्र:

η = 1 − 1/r^(γ−1) = 1 − T1/T2

उत्तर ०.५६५, म्हणजे ५६.५ टक्के. इथे एक सापळा आहे. सूत्र कार्नोसारखं दिसतं म्हणून बरेच जण T2 च्या जागी सायकलमधलं सर्वांत जास्त तापमान, म्हणजे T3, घालतात. मग ८५ टक्क्यांच्या आसपास उत्तर येतं. ती त्या दोन टोकांच्या तापमानांमधल्या कार्नो इंजिनाची कार्यक्षमता झाली, ओटोची नव्हे. ओटोमध्ये उष्णता एकाच तापमानाला मिळत नाही. ती मिळत असताना तापमान चढत जातं. कार्नोचा आकडा फक्त तपासणीला वापरा: तुमचं उत्तर त्याच्या वर गेलं, तर कुठेतरी चूक आहे.

आता डिझेल. १८ चा ०.४ घात ३.१७८, म्हणून T2 = ९५३ केल्व्हिन. पुढे उष्णता स्थिर दाबाला मिळते आणि तेवढ्यात आकारमान दुप्पट होतं. कट-ऑफ रेशो २ चा अर्थ तोच. स्थिर दाबाला आकारमान दुप्पट झालं की तापमानही दुप्पट, म्हणजे T3 = १९०७. दिलेली उष्णता म्हणजे cp गुणिले ९५३, सुमारे ९५८ किलोज्यूल. इथे cp च हवा. ओटोच्या सवयीने cv घातलात तर सगळं गणित बिघडेल.

प्रसरणानंतरचं तापमान T4 = T1 × ρ^γ, इथे ρ म्हणजे कट-ऑफ रेशो. २ चा १.४ घात २.६३९, म्हणून T4 = ७९२ केल्व्हिन. बाहेर टाकलेली उष्णता स्थिर आकारमानाला जाते, म्हणून आता cv: ०.७१८ गुणिले ४९२, म्हणजे ३५३ किलोज्यूल. ९५८ पैकी ३५३ वाया, ६०५ कामाला आली. कार्यक्षमता ६३.२ टक्के.

तेवढीच ९५८ किलोज्यूल ओटोला दिली तर त्याच्या ५६.५ टक्क्यांनी काम मिळतं ५४१. म्हणजे या उदाहरणात डिझेल पुढे आहे.

मग पाठ केलेल्या वाक्याचं काय? त्याची अट आहे, ‘कॉम्प्रेशन रेशो सारखा असताना.’ ओटोच्या सूत्रात ८ ऐवजी १८ घालून बघा, ६८.५ टक्के येतात. खरंच डिझेलपेक्षा जास्त.

असं का होतं? उष्णता मिळाल्यावर वायू किती पट पसरतो, यावर तिचा किती भाग कामात उतरेल ते ठरतं. ओटोमध्ये सगळी उष्णता पिस्टन अगदी वर असतानाच मिळते, म्हणून तिच्या प्रत्येक कणाला पूर्ण प्रसरण लाभतं. डिझेलमध्ये उष्णता मिळत असतानाच पिस्टन खाली निघालेला असतो. आपल्या इंजिनात पहिल्या कणाला १८ पट प्रसरण मिळतं, पण शेवटचा कण येईपर्यंत आकारमान दुप्पट झालेलं असतं, म्हणून त्याच्या वाट्याला ९ पटच उरतं. ओटोच्या सूत्रात १८ घातलं तर ६८.५ टक्के, ९ घातलं तर ५८.५ टक्के. आपलं ६३.२ बरोबर या दोघांच्या मध्ये बसलंय. आणि डिझेलच्या सर्वांत उशिरा आलेल्या कणाला मिळालेले ९ पटसुद्धा पेट्रोल इंजिनाच्या ८ पटीपेक्षा जास्तच आहेत. म्हणून इथे डिझेल जिंकलं.

मग पेट्रोल इंजिनालाच १८ चा रेशो का देत नाहीत? दोन अडचणी आहेत. पेट्रोल इंजिनात साधारणपणे हवेबरोबर इंधनही दाबलं जातं, आणि ९५३ केल्व्हिन म्हणजे ६८० अंश सेल्सिअस. एवढ्या तापमानाला ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटू लागेल. डिझेल इंजिनात नुसती हवा दाबली जाते, इंधन नंतर फवारलं जातं, म्हणून तिथे ही भीती नाही. दुसरी अडचण दाबाची. १८ च्या रेशोला ९५८ किलोज्यूल दिलेल्या ओटोमध्ये दाब १३७ बारपर्यंत चढतो. आपल्या डिझेलमध्ये तो ५७ बारलाच थांबतो, आणि ८ रेशोच्या ओटोमध्ये ५४ बार येतो. म्हणजे साधारण सारख्याच मजबुतीच्या सिलिंडरमध्ये डिझेल जास्त काम देतंय. प्रत्यक्षात सिलिंडर किती दाब सोसेल हाच खरा बांध असतो.

म्हणून निष्कर्ष असा लिहा: ‘समान कॉम्प्रेशन रेशोला ओटो श्रेष्ठ. दिलेल्या रेशोंना, समान उष्णता आणि जवळपास समान कमाल दाब असताना, डिझेल श्रेष्ठ.’

एक मर्यादा लक्षात ठेवा. आपण γ कायम १.४ धरला. दोन हजार केल्व्हिनजवळ तो बराच कमी होतो, शिवाय सिलिंडरच्या भिंतींतून उष्णता निसटते आणि घर्षण असतंच. त्यामुळे रस्त्यावरच्या इंजिनात ५६ किंवा ६३ टक्के मिळत नाहीत, बरेच कमी मिळतात. हे आकडे तुलनेसाठी आहेत.

आता घरी कट-ऑफ रेशो ३ घेऊन डिझेलची कार्यक्षमता काढा. उत्तर ५८.९ टक्के यायला हवं. ती का घटली, हे त्या शेवटच्या कणाला विचारा: त्याच्या वाट्याला आता फक्त ६ पट प्रसरण उरलंय. पुढच्या भागात ड्युअल सायकल घेऊ.