विश्लेषण : प्रश्नपत्रिकेच्या फोटोतून आराखडा काढताना गुण कुठे हरवतात?

सराव परीक्षा संपली की संध्याकाळपर्यंत प्रश्नपत्रिकेचा फोटो पालकांच्या आणि शिकवणीच्या व्हॉट्सॲप गटांवर येतो. थोडा तिरका, एका कोपऱ्यावर मोबाइलची सावली, कधी पानाची घडी. त्यातून प्रश्न क्रमांक, विभागांची शीर्षके आणि गुण वेगळे काढून एका नजरेत दिसेल असा आराखडा तयार करायचा असतो. शिक्षकाला तो गुणतक्त्यासाठी लागतो, मुलांना वेळेच्या नियोजनासाठी. फोटोतला मजकूर ‘कॉपी’ करणे आता फोनवर क्षणाचे काम आहे. तरीही त्यातून काढलेल्या आराखड्याची बेरीज बऱ्याचदा जुळत नाही. असे का होते आणि चूक कशी पकडायची?

आराखड्यात नेमके काय हवे?

दहावीच्या गणित भाग १ची राज्य मंडळाच्या आराखड्यानुसार काढलेली प्रश्नपत्रिका घेऊ. गुण ४०, वेळ २ तास. यात पाच प्रश्न असतात आणि पहिल्या तीन प्रश्नांचे दोन-दोन विभाग. प्रत्येक विभागाच्या शीर्षकात किती उपप्रश्न सोडवायचे ते लिहिलेले असते, तर गुण त्याच ओळीच्या उजव्या टोकाला छापलेले असतात. त्यामुळे आराखड्यात प्रत्येक विभागासमोर तीन आकडे हवेत : छापलेले उपप्रश्न किती, सोडवायचे किती आणि गुण किती.

```
विभाग        छापील  सोडवायचे  गुण
प्र. १ (अ)     ४       ४       ४
प्र. १ (ब)     ४       ४       ४
प्र. २ (अ)     ३       २       ४
प्र. २ (ब)     ५       ४       ८
प्र. ३ (अ)     २       १       ३
प्र. ३ (ब)     ४       २       ६
प्र. ४         ३       २       ८
प्र. ५         २       १       ३
एकूण         २७      २०      ४०
```

‘कोणतेही दोन’ हे शब्द आराखड्यातून गळाले की काय होते ते पाहा. तिसऱ्या प्रश्नाच्या (ब) विभागात तीन-तीन गुणांचे चार उपप्रश्न छापलेले असतात, पण सोडवायचे दोनच. सगळे छापील उपप्रश्न धरून गुण मोजले तर याच प्रश्नपत्रिकेची बेरीज ४० ऐवजी ६० होते. १२० मिनिटांत ४० गुण म्हणजे एका गुणाला तीन मिनिटे. साठ धरले तर दोनच मिनिटे उरतात आणि सरावाचे सगळे वेळापत्रक बिघडते. ज्या मुलाने हे चारही उपप्रश्न सोडवायचे ठरवले, त्याची १८ मिनिटांच्या जागी ३६ मिनिटे जातात, आणि नंतरच्या १८ मिनिटांचा एकही गुण मिळत नाही.

गुणच का हरवतात?

फोटोतील अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला प्रश्नपत्रिका कळत नाही, त्याला ओळी दिसतात. शीर्षकाचे वाक्य पानाच्या मध्यापर्यंत संपते, मग मोठी मोकळी जागा आणि टोकाला एकटा आकडा. गुगल लेन्ससारख्या साधनातून मजकूर निवडून चिकटवला की हा आकडा पुष्कळदा आपल्या वाक्यापासून तुटतो. उजव्या समासातले सगळे आकडे एकाखाली एक असे मजकुराच्या शेवटी जाऊन बसतात, किंवा निवड करताना सुटूनच जातात. ‘४, ४, ४, ८’ अशी रांग मिळते, पण कोणता चार कुणाचा हे त्यातून सांगता येत नाही.

दुसरे कारण फोटोच्या कलण्यात आहे. कागदाची रुंदी फोटोत साधारण ३,००० पिक्सेल भरली आहे असे धरू. ए-फोर पानाला हे प्रत्येक सेंटिमीटरमागे सुमारे १४३ पिक्सेल पडतात. ओळींमधले अंतर सहा मिलिमीटर असेल तर फोटोत ते ८५ पिक्सेलच्या आसपास येईल. आता फोन फक्त दोन अंशांनी कलला, तर डावीकडचा प्रश्न क्रमांक आणि २,६०० पिक्सेल दूर असलेला गुणांचा आकडा यांच्या उंचीत सुमारे ९० पिक्सेलचा फरक पडतो. म्हणजे जवळपास पूर्ण एक ओळ! डोळ्यांना न जाणवणाऱ्या कलाने शीर्षकाचे आठ गुण खालच्या पहिल्या उपप्रश्नाला जाऊन चिकटतात. उलट्या बाजूला कल असेल तर ते आधीच्या प्रश्नाच्या शेवटच्या ओळीला मिळतात.

ही चूक आराखड्यात ओळखू येते. शीर्षकासमोर गुण नाहीत आणि लगेच खालच्या किंवा वरच्या ओळीसमोर एकच आकडा उभा आहे, असे दिसले की आकडा हरवलेला नाही, घसरला आहे. अशा वेळी फोटो सरळ करावा. एकेक आकडा हाताने हलवत बसू नये, कारण एक घसरला असेल तर त्या पानावरचे बाकीचेही घसरलेले असतात.

फोटो सरळ करण्यासाठी गुगल ड्राइव्ह ॲपमधली स्कॅनची सोय पुरते. ती कागदाच्या चार कडा शोधून पान चौकोनी करते. पुस्तिकेसारख्या प्रश्नपत्रिकेत शिवणीजवळ पान वाकते आणि तिथले आकडे सरळ केल्यावरही वाकडेच राहतात, म्हणून ते पान सपाट दाबून पुन्हा टिपलेले बरे. शिवाय व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला तर तो लहान होऊन जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ आकारात पोहोचतो. मोठी अक्षरे लहान फोटोतही वाचता येतात. कंसातला एकटा आकडा मात्र तिथे आधी मरतो.

आकड्याची जागा कशी धरून ठेवायची?

ज्यांच्याकडे संगणक आहे त्यांच्यासाठी टेसरॅक्ट हे मोफत साधन अधिक भरवशाचे, कारण ते शब्दासोबत शब्दाची जागाही देते.

```
tesseract paper.jpg out -l mar+eng --psm 6 tsv
```

यातील `--psm 6` म्हणजे पान हा एकसंध मजकुराचा ठोकळा समजून वाचावा, जेणेकरून टोकाचा आकडा वेगळा स्तंभ मानला जाणार नाही. तयार होणाऱ्या `out.tsv` या तक्त्यात प्रत्येक शब्दाचे डावीकडून अंतर `left`, वरून अंतर `top` आणि खात्रीचा आकडा `conf` मिळतो. मग नियम सोपा होतो. ओळ ‘प्र.’ आणि अंकाने सुरू झाली तर तो प्रश्न. फक्त अंक असलेला शब्द ३,००० पैकी २,६०० पिक्सेलच्या पलीकडे असेल तर तो गुण, आणि तो ज्या शीर्षकाच्या उंचीला आहे त्या शीर्षकाचा. हा नियम आपल्या मनाचा नाही. प्रश्नांच्या उजवीकडचे अंक पूर्ण गुण दर्शवतात, अशी सूचना प्रश्नपत्रिकेवरच असते.

मात्र याच सूचना पहिला सापळा ठरतात. त्यांनाही (i), (ii), (iii) असे क्रमांक असल्यामुळे यंत्राला ते उपप्रश्न वाटतात. म्हणून पहिला ‘प्र. १’ दिसेपर्यंतचा सगळा भाग बाजूला काढावा आणि त्यातून फक्त एकूण गुण व वेळ टिपून ठेवावी. वरच्या कोपऱ्यातला प्रश्नपत्रिकेचा सांकेतिक क्रमांक आणि पृष्ठ क्रमांकही उजव्या समासात असू शकतात, तेव्हा त्यांना गुण समजू नये.

दुसरा सापळा बहुपर्यायी प्रश्नांचा. काही शाळा विभागांना (अ), (ब) म्हणतात आणि पर्यायांनाही (अ), (ब), (क), (ड). अशा चार प्रश्नांत सोळा खोटे विभाग तयार होतात. फरक जागेवरून कळतो : पर्याय एका ओळीत दोन-दोन किंवा चार-चार असतात आणि त्यांच्यासमोर गुण नसतात. दोनच विभाग असलेल्या प्रश्नात (क) उगवला, तर पर्याय आत घुसले आहेत असे समजावे.

बेरीज जुळली नाही तर?

समजा, वरच्या प्रश्नपत्रिकेची बेरीज ३६ आली. चार गुण कमी. सहज वाटते की चार गुणांचा एखादा विभाग सुटला. पण आणखी एक शक्यता असते. इंग्रजी आठचा आकडा आणि देवनागरी ४ दिसायला इतके जवळचे आहेत की मराठी व इंग्रजी दोन्ही भाषा लावून वाचताना आठाचे चार होऊ शकतात. (तसाच गोंधळ इंग्रजी नऊ आणि देवनागरी १ यांचा.) आठाचे चार झाले तरी बेरीज चारनेच घटते.

म्हणून आधी विभाग मोजावेत. आठ असतील तर सुटलेले काही नाही, आकडा चुकीचा वाचला गेला आहे. मग गुणांना सोडवायच्या उपप्रश्नांच्या संख्येने भागावे. चौथ्या प्रश्नात दोन उपप्रश्नांना चार गुण, म्हणजे प्रत्येकी दोन. भागाकार पूर्णांकात येतो, त्यामुळे केवळ भाग जातो का एवढेच पाहणारा इथे फसेल. पण या प्रश्नपत्रिकेत पहिल्या चार प्रश्नांत उपप्रश्नाचे गुण एक, दोन, तीन, चार असे चढत जातात. तिसऱ्यात तीन आणि चौथ्यात दोन हे त्या चढणीत बसत नाही. संशय तिथे घ्यावा आणि फोटोतला तेवढाच भाग मोठा करून पाहावा.

बेरीज जुळली म्हणजे सगळे बरोबर, असेही नाही. तिसऱ्या प्रश्नाच्या (अ) आणि (ब) विभागांचे गुण आपसात बदलले, तर बेरीज ४०च राहते. तिथे भागाकार उपयोगी पडतो : (अ)मध्ये एका उपप्रश्नाला सहा आणि (ब)मध्ये दोन उपप्रश्नांना तीन, म्हणजे प्रत्येकी दीड. दीड गुण अशक्य नाहीत, पण शेजारच्याच विभागात सहा गुणांचा उपप्रश्न असताना ते पटत नाहीत.

भाषा विषयांत ‘किंवा’ने जोडलेले प्रश्न असतात. तिथे दोन्ही प्रश्न आराखड्यात एकाच गुणाखाली लिहावेत, नाहीतर तोच गुण दोनदा मोजला जातो. हस्तलिखित प्रश्नपत्रिकेत मात्र हे सगळे नियम लंगडे पडतात. समास सांभाळलेला नसतो आणि गुण कधी कंसात, कधी वाक्यातच लिहिलेले असतात. असा आराखडा हाताने केलेला लवकर होतो.

आणि कधीकधी यंत्र बरोबर असते, चूक प्रश्नपत्रिकेतच असते. फोटो मोठा करून प्रत्येक आकडा पडताळला आणि तरीही बेरीज ३९च आली, तर ओढूनताणून चाळीस करू नयेत. आराखड्याखाली ‘छापील बेरीज ३९, शीर्षस्थानी ४०’ अशी नोंद करून ती विषयशिक्षकाकडे पाठवावी.