मेनूत न सापडणारा दोष

प्रति,
दुकानमालक, वर्धा

विषय : कोपऱ्यातून उजेड गळणारा मॉनिटर परत घेण्याबाबत



तुमच्याकडून घेतलेला २४ इंची आयपीएस मॉनिटर बिलासह परत पाठवतो आहे. पडदा काळा केला की खालच्या उजव्या कोपऱ्यात पिवळट डाग उजळतो. फोन केला की तुमचं एकच उत्तर, "सेटिंग करा, जाईल." कंपनीची हेल्पलाइनही तेच म्हणते आणि इथला मोबाइलवालाही. म्हणून सविस्तर लिहितो.

गैरसमज : बॅकलाइटची गळती सेटिंगनं जाते.

वस्तुस्थिती : एलसीडीचा पिक्सेल स्वतः उजेड देत नाही. या मॉनिटरात एलईडी दिवे कडेला आहेत, त्यांचा उजेड मागच्या पारदर्शक प्लेटमधून सगळीकडे पसरतो. पुढचा द्रव-स्फटिकांचा थर झडपेसारखा उघडतो आणि मिटतो. काळा रंग म्हणजे झडप बंद. दिवा मात्र चालूच. चौकटीनं पॅनेल एका जागी जास्त दाबलं, की काचेवर ताण येऊन उजेडाचं ध्रुवीकरण बिघडतं आणि बंद झडपेतूनही तो बाहेर पडतो. दोष जोडणीत आहे. तो मेनूत कसा सापडेल?

तरीही सांगितलं ते सगळं केलं.

ब्राइटनेस १०० वरून ३० वर आणला. डाग मंदावला, पण बाकीचा पडदाही तेवढाच मंदावला. दोघांतलं प्रमाण तसंच राहिलं. कॉन्ट्रास्ट हलवला, तर फक्त उजळ रंग बदलले. गॅमा आणि Black Equalizer या दोन्हींनी काळ्याच्या वरच्या गडद छटा बदलतात. शुद्ध काळा आधीच शून्यावर असतो, त्याच्या खाली जायला जागा नाही.

संगणकात Output dynamic range हे Limited वरून Full केलं. तिथली चूक खरोखर काळा रंग राखाडी करते, पण साऱ्या पडद्यावर सारखाच. एकच कोपरा ती निवडत नाही.

डायनॅमिक कॉन्ट्रास्ट चालू केल्यावर डाग गेला, असं वाटलं. पण पूर्ण काळ्या पडद्यावर मॉनिटर दिवाच मंद करतो, एवढीच ती करामत. सिनेमातल्या अंधाऱ्या दृश्याखाली पांढरी अक्षरं आली, की दिवा वाढतो आणि डाग हजर. फॅक्टरी रीसेट केलं, केबल बदलली, दुसरा लॅपटॉप जोडला, फरक नाही.

शेवटी केबलच काढली. No Signal ची पाटी आली आणि तिच्यामागच्या काळ्या पडद्यावर डाग जिथल्या तिथे. संगणक जोडलेलाच नसताना ड्रायव्हरला आणि विंडोजला दोष कसा देणार?

गैरसमज : हा आयपीएसचा स्वाभाविक ग्लो आहे.

वस्तुस्थिती : ग्लो असतो, हे खरं. पण तो बघण्याच्या कोनावर अवलंबून असतो. मागे सरकलं की कमी होतो, डोकं हलवलं की जागा बदलतो. हा डाग हलत नाही. पूर्ण अंधारात थोडी गळती बहुतेक एलसीडी पडद्यांवर दिसते, हेही मान्य. तेवढीच असती तर पत्र लिहिलं नसतं. ही ट्यूबलाइट चालू असतानाही दिसते. मोबाइल आपोआप एक्स्पोजर वाढवून डाग मोठा दाखवतो, म्हणून सोबतचा फोटो एक्स्पोजर लॉक करून, नेहमीच्या ब्राइटनेसवर काढला आहे.

बाकीचे, थोडक्यात

"खेड्यातलं व्होल्टेज": अडॅप्टरवरच १००–२४० व्होल्ट छापलं आहे, वीज बिघडली तर पूर्ण पडदा लुकलुकेल, एक कोपरा उजळणार नाही.

"कापडानं दाबा, स्क्रू सैल करा": कधी दाब बदलतो, कधी पॅनेल फुटतं, उघडलेल्या मॉनिटरची वॉरंटी मग कोण मानणार?

"वापरता वापरता जाईल": किरकोळ गळती कधी कमी होते, पण भरवसा नाही, तोवर परतीची मुदत मात्र जाते.

"अमुक डेड पिक्सेल चालतात": तो हिशोब सुट्या पिक्सेलचा आहे, उजेडाच्या गळतीचा नाही.

"विकलेला माल परत नाही": ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील कलम २(४७) वाचा. सदोष वस्तू बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुमच्या बिलावर मुदत नाही आणि ३० दिवस अजून झालेले नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. वर्ध्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही. तिथवर जायची माझी इच्छा नाही.

मागणी एवढीच : मॉनिटर बदलून द्या किंवा पैसे परत करा. बदलून देणार असाल, तर नवा खोका तुमच्याच काउंटरवर उघडू, दुकानातले दिवे मालवू आणि केबल न जोडता काळा पडदा पाहू. डाग नसेल तर मी तो मॉनिटर लगेच उचलून नेईन.

आपला,
एक ग्राहक
आंजी (मोठी), ता. जि. वर्धा