पाठदुखीला ‘कडक गादी’च हवी का? एक चाचणी आणि मामांची गादी

तुळजापूरला राहणारे माझे मामा गेली सहा-सात वर्षं कंबरदुखीने बेजार आहेत. डॉक्टरांनी तपासणी केली, एक्स-रे काढला, धोक्याचं काही नाही म्हणून सांगितलं. पायात बधिरपणा, लघवी-शौचावर ताबा न राहणं, ताप किंवा विनाकारण वजन घटणं असलं काही नाही ना, हेही विचारून घेतलं. असं काही असेल तर गादीचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडेच जायचं. मामांची दुखणी त्यातली नव्हती. सकाळी उठताना कंबर धरायची, तासाभराने मोकळी व्हायची.

गादी घ्यायला आम्ही सोलापूरला गेलो. दुकानदार म्हणाला, “मणक्याचा त्रास आहे ना? मग कॉयर घ्या. दगडासारखी कडक पाहिजे, तरच पाठ सरळ राहते.” मामांनी माझ्याकडे पाहिलं, “काय रे, तुझं संशोधन काय म्हणतं?”

या प्रश्नावर एक चांगली चाचणी झालेली आहे. २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये कोव्हाक्स आणि सहकाऱ्यांनी स्पेनमधला अभ्यास प्रसिद्ध केला. जुनाट कंबरदुखी असलेले, अंथरुणात पडल्यावर आणि उठताना दुखतं असं सांगणारे ३१३ प्रौढ त्यात होते. चिठ्ठ्या टाकल्यासारखं त्यांना दोन गटांत वाटलं. एका गटाला कडक गादी, दुसऱ्याला मध्यम कडक. कोणती गादी मिळाली हे त्यांना सांगितलं नव्हतं. कडकपणा युरोपीय मापाने मोजला होता: १ म्हणजे सर्वांत कडक, १० म्हणजे सर्वांत मऊ. कडक गादी होती २.३ ची, मध्यम ५.६ ची.

९० दिवसांनी मध्यम गादीचा गट पुढे होता. अंथरुणातलं दुखणं सुधारण्याचं ऑड्स गुणोत्तर २.३६ आलं, आणि त्याची ९५ टक्के विश्वास-मर्यादा १.१३ ते ४.९३. याचा अर्थ ‘२.३६ पट जास्त लोक बरे झाले’ असा नाही, इथे पुष्कळ जण घसरतात. ऑड्स म्हणजे सुधारलेले भागिले न सुधारलेले, आणि २.३६ हे दोन गटांच्या अशा ऑड्सचं गुणोत्तर आहे. उठतानाच्या दुखण्याचं गुणोत्तर १.९३ होतं, पण मर्यादा ०.९७ ते ३.८६. तिच्यात १ येतो, म्हणजे ‘काहीच फरक नाही’ ही शक्यता पुरती बाद होत नाही. मामांची तक्रार नेमकी उठतानाची, म्हणून त्यांना मी हे सांगितलं: कल मध्यम गादीकडे आहे, खात्री नाही.

आता या चाचणीने काय सांगितलं नाही तेही बघा. जुन्याच गादीवर झोपणारा तिसरा गट तिच्यात नव्हता. दोन्ही गट सुधारले, पण त्यातलं किती नव्या गादीमुळे आणि किती दुखणं आपोआप ओसरल्यामुळे, हे यातून वेगळं काढता येत नाही. दुसरं म्हणजे तिने कडकपणाची तुलना केली. फोम, कॉयर की स्प्रिंग याची नाही, आणि कुठल्या कंपनीची तर नाहीच. म्हणून ‘पाठीला कॉयरच चांगली’ हे वाक्य या पुराव्यातून निघत नाही.

मग साहित्याला अर्थ काय? साहित्य ठरवतं ती गादी कशी वागेल आणि कशी झिजेल. रबराइज्ड कॉयर म्हणजे काथ्याचे पीळदार तंतू, त्यांवर रबराचा चीक फवारून दाबून पक्के केलेले. ती कडक आणि हवेशीर असते, धाराशिवच्या मे महिन्यात हे सोयीचं. पण नुसत्या कॉयरवर कुशीवर झोपलं की खांदा आणि कंबरेचं हाड टोचतं, आणि रोज एकाच जागी झोपलं की काही वर्षांत तिथे दबते. स्प्रिंगच्या गादीत हवा खेळते. सुट्या पिशव्यांतल्या स्प्रिंगा शरीराप्रमाणे वेगवेगळ्या दबतात, एकमेकींना जोडलेल्या स्प्रिंगा शेजाऱ्याची हालचालही पोचवतात. मेमरी फोम उष्णतेने मऊ होतो. त्यामुळे दुकानातल्या एसीत मध्यम वाटलेली गादी उन्हाळ्यात घरी खोल वाटू शकते.

साध्या फोमच्या बाबतीत सगळ्यात मोठा घोटाळा ‘डेन्सिटी’ या शब्दाचा. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला किती किलो. ती टिकाऊपणाचा अंदाज देते, कडकपणाचा नाही. ४० डेन्सिटीचा फोम मऊही बनवता येतो. मात्र ती पडताळणं सोपं आहे. मामांना दाखवलेली एकसंध फोमची गादी ६ फूट × ३ फूट × ४ इंच होती. म्हणजे बरोबर ६ घनफूट, साधारण ०.१७ घनमीटर. डेन्सिटी ४० असेल तर फोमच ६.८ किलो भरायला हवा, ३२ असेल तर ५.४. दुकानातल्या काट्यावर ती खोळीसकट ५.१ किलो भरली. ५.१ भागिले ०.१७ म्हणजे ३०, आणि खोळीचं वजन धरूनही! सांगितलं होतं ४०. (तुकडे चिकटवून केलेला रिबॉन्डेड फोम जास्त जड असतो, थर मिसळलेल्या गादीला हा हिशेब लावू नका.)

कंपनीबद्दल मामांचा प्रश्न होता, “नाव कोणतं घ्यायचं?” कर्ल-ऑन कॉयरसाठी, स्लीपवेल फोमसाठी, पेप्स स्प्रिंगसाठी ओळखली जातात. गंमत म्हणजे २०२३ मध्ये स्लीपवेलच्या शीला फोमने कर्ल-ऑनचा बहुतांश हिस्सा विकत घेतला, म्हणजे ही दोन नावं आता एकाच घरातली. नावापेक्षा कागद वाचा: थर कोणते, किती इंच, डेन्सिटी लिहिली आहे का, आणि किती खोल खड्डा पडला तर वॉरंटी लागू होते. ‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द गादीचा कडकपणा सांगत नाही, त्यावर जाऊ नका.

मामा दुकानात पंधरा मिनिटं कुशीवर आणि पाठीवर पडले. नुसत्या कॉयरवर पाठीवर असताना कंबरेखाली हात सहज आरपार गेला, म्हणजे तिथे आधारच नव्हता. मऊ फोमवर कंबर खाली गेली आणि कूस बदलायला जोर लागला. खाली कॉयर आणि वर दीड इंच फोम असलेल्या गादीवर हात जेमतेम सरकला. तीच घेतली.

पण तिच्याआधी एक काम केलं. मामांच्या लोखंडी पलंगाच्या पट्ट्या मधोमध लवल्या होत्या. पलंग आणि गादी एकदम बदलली असती तर फरक कशाने पडला ते कळलंच नसतं. म्हणून आधी फक्त प्लायवूडची फळी टाकली, वर जुनी कापसाची गादी. मामांनी रोज उठल्यावर कॅलेंडरवर ० ते १० मध्ये दुखणं लिहिलं. फळीआधीच्या आठवड्यात बहुतेक ६, फळीनंतर दोन आठवडे ५, नव्या गादीवर तिसऱ्या महिन्यात ३ ते ४.

मामा खूश आहेत. मी मात्र त्या कॅलेंडरला पुरावा म्हणणार नाही. माणूस एक, तुलनेचा गट नाही, आणि नवी गादी कोणती हे मामांना पक्कं ठाऊक. स्पेनच्या चाचणीत जी पट्टी डोळ्यांवर होती ती इथे नव्हती. तरी दुखणं ६ वरून ३-४ वर आलं की माणूस रात्री नीट झोपतो, आणि मामांना तेवढंच हवं होतं.