पेटी किती जुनी? स्क्रूला विचारा!

इतिहासाच्या तासाला ‘साधने’ हा धडा आपण दरवर्षी शिकवतो. नाणी, ताम्रपट, शिलालेख असं फळ्यावर लिहितो, मुलंही वहीत लिहून घेतात. पण घरातल्या वस्तूवरून काळ कसा काढायचा, हे करून दाखवायची संधी क्वचितच मिळते. आमच्या देवनारच्या शाळेत गेल्या वर्षी ती आयतीच चालून आली.

सातवीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, आमच्याकडे पेशवाईतली पेटी आहे. काका ती विकणार आहेत.” काकांनी मोबाइलवर जाहिरातही टाकली होती, ‘पेशवेकालीन सागवानी पेटी’. एक गिऱ्हाईक तयार झालं होतं. देण्याआधी सुतार बोलवायचा, पॉलिश करायचं आणि सगळे गंजलेले स्क्रू काढून नवे चकचकीत बसवायचे, असं ठरलं होतं. मी तिला म्हटलं, “काकांना सांग, चार दिवस थांबा. स्क्रू मात्र कुणालाही काढू देऊ नकोस.”

स्क्रूच का? लाकूड कधीचं आहे ते नुसतं बघून सांगता येत नाही. नक्षीची नक्कल होते, आणि पॉलिशने नवं जुनं दिसतं. पण स्क्रू बनवायची पद्धत गेल्या अडीचशे वर्षांत तीन-चार वेळा मुळापासून बदलली, आणि प्रत्येक पद्धतीची खूण स्क्रूच्या अंगावर राहिली.

स्क्रूची चार ठिकाणं

मुलांना आधी चार जागा बघायला शिकवा. डोक्यावरची खाच, डोक्याखालचा गुळगुळीत दांडा, त्याखालचे आटे आणि शेवटी टोक. साधं भिंग पुरतं.

हाताने घडवलेला स्क्रू. साधारण १८०० सालापर्यंत स्क्रू म्हणजे लोहाराचं काम. लोखंडाचा तुकडा तापवून, ठोकून डोकं काढायचं, मग कानशीने आटे घासायचे. त्यामुळे आटे कुठे खोल, कुठे उथळ, आणि दोन आट्यांमधलं अंतरही सारखं नाही. खाच कानशीने किंवा करवतीने नजरेच्या अंदाजाने पाडलेली, म्हणून ती बहुतेक वेळा डोक्याच्या मधोमध नसते. एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला उथळ असते. टोक बोथट, जणू कुणी छाटून टाकलंय. असा स्क्रू लाकडात आपणहून शिरत नाही. त्याच्यासाठी गिरमिटाने आधी पूर्ण खोलीचं भोक पाडावं लागतं.

यंत्रावरचा, पण बोथट. इंग्लंडमध्ये जॉब आणि विल्यम वायट या भावांनी लाकडाचे स्क्रू यंत्रावर कापण्याचं पेटंट १७६० मध्ये घेतलं. पुढे अशा यंत्रांचे कारखाने वाढले. आटे आता एकसारखे पडू लागले. टोक मात्र बोथटच राहिलं, आणि खाच वेगळ्या टप्प्यात पाडली जात असल्याने ती अजूनही थोडी इकडेतिकडे सरकलेली दिसते. ढोबळमानाने हा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला स्क्रू.

टोकदार स्क्रू. १८४६ मध्ये अमेरिकेत थॉमस स्लोन यांनी गिरमिटासारखं टोक असलेल्या स्क्रूचं पेटंट घेतलं. ब्रिटनमधले त्याचे हक्क नेटलफोल्ड यांनी मिळवले आणि १८५४ मध्ये चेंबरलेन यांच्या भागीदारीत बर्मिंगहॅमजवळ स्मेथविक इथे मोठा कारखाना काढला. १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला आणि विलायती माल मुंबई बंदरात लवकर पोचू लागला. या स्क्रूची खाच अगदी मध्यावर आणि सरळ असते, आटे नीट असतात आणि टोक अणकुचीदार असतं.

दाबून काढलेले आटे. वरच्या तिन्ही प्रकारांत धातू कापून, खरवडून आटे काढलेले असतात. विसाव्या शतकात तारेचा तुकडा दोन साच्यांमध्ये दाबून फिरवायची पद्धत रुळली. यात धातू कापला जात नाही, तो बाजूला सरकून वर उठतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. स्क्रूला लागून आडवी पट्टी ठेवा. आटे कापलेले असतील तर दांड्याची जाडी आणि आट्यांची बाहेरची जाडी सारखीच, म्हणून पट्टी दोन्हीकडे टेकते. आटे दाबून काढलेले असतील तर दांडा बारीक असतो. पट्टी आट्यांवर टेकते आणि दांड्यापाशी फट दिसते. मुलांना ही चाचणी फार आवडते, कारण उत्तर डोळ्यांसमोर दिसतं.

फुलीची खाच असलेल्या, म्हणजे ‘स्टार’ स्क्रूबद्दल एवढंच सांगायचं, की हेन्री फिलिप्स यांची त्यासाठीची पेटंटं १९३६ ची आहेत. त्याआधीच्या वस्तूत तो मूळचा असणं शक्य नाही.

आता आमची पेटी

शनिवारी सकाळी आजी, काका आणि पेटी तिघंही शाळेत आले. झाकणाला दोन पितळी बिजागऱ्या, प्रत्येकीला सहा स्क्रू. पुढे कुलपाची पट्टी, तिला चार. एकूण सोळा. आम्ही पुठ्ठ्यावर पेटीचं चित्र काढलं आणि प्रत्येक स्क्रूच्या जागी भोक पाडलं. काढलेला स्क्रू लगेच पुठ्ठ्यातल्या त्याच भोकात खोचायचा, म्हणजे अदलाबदल होत नाही.

काढताना पेचकसाचं पातं खाचेत पूर्ण मावणारं हवं. बारीक पातं घेतलं की खाचेच्या कडा तुटतात आणि पुरावाही जातो. आधी स्क्रू किंचित आवळायचा, मग सोडवायचा, म्हणजे गंजाची पकड सुटते. तरीही हलला नाही तर हट्ट करायचा नाही. आमचे तीन स्क्रू हललेच नाहीत. त्यांची फक्त डोकी पाहून नोंद केली.

पहिलाच स्क्रू निघाला तो बोथट टोकाचा! वर्गात एकच ओरडा, “पेशवाई!” काकांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मीही क्षणभर घाबरले. पण घाई न करता भिंग दिलं आणि विचारलं, “आटे कसे आहेत? खाच कुठे आहे?” आटे एकसारखे होते, खाच बरोबर मध्यावर. दुसरा स्क्रू काढला, त्याला टोक होतं. दोघे शेजारी ठेवले तर बोथट स्क्रू नेमका टोकाएवढाच आखूड. मग एका मुलाने झाकणाच्या फळीची जाडी मोजली. त्या ठिकाणी ती पातळ होती. पूर्ण स्क्रू घातला असता तर टोक पलीकडून बाहेर आलं असतं, म्हणून सुतारानेच ते छाटलं होतं. एका खुणेवरून निकाल द्यायचा नाही, हे मी वर्षभर सांगून जे जमलं नसतं ते त्या एका स्क्रूने शिकवलं.

बिजागऱ्यांचे जे स्क्रू निघाले त्यांतले दोन सोडून बाकीचे सगळे एकाच घराण्यातले होते. टोकदार (छाटलेला तो एक धरून), मधली खाच, कापलेले आटे. उरलेले दोन उजव्या बिजागरीचे. पट्टी लावली तर दांड्यापाशी फट, म्हणजे ती नंतरची दुरुस्ती. कुलपाच्या पट्टीला चारही स्टार स्क्रू, आणि पट्टी सरकवल्यावर खाली लाकडी खुंट्यांनी बुजवलेली जुनी भोकं. आजी लगेच म्हणाल्या, “किल्ली हरवली होती ना! ह्यांनीच कुलूप बदलून आणलं. तेव्हा तुझे काका शाळेत होते.”

आता कळीचा प्रश्न होता. बिजागऱ्या मूळच्या की नंतर बसवलेल्या? नंतरच्या असत्या तर स्क्रूंनी बिजागरीचा काळ सांगितला असता, पेटीचा नाही. म्हणून बिजागरीखालचं लाकूड पाहिलं. तिथे दुसरी भोकं नव्हती, बुजवलेलं काही नव्हतं. लाकडात कोरलेला खड्डा बिजागरीच्या मापाचाच होता. म्हणजे या पेटीने दुसरी बिजागरी पाहिलेलीच नाही.

मग फळ्यावर मांडणी केली. टोकदार स्क्रूचं पेटंट १८४६ चं, नेटलफोल्डांचा मोठा कारखाना १८५४ चा. पेशवाई संपली १८१८ मध्ये. तेव्हा ही पेटी पेशवाईतली असूच शकत नाही. एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध किंवा विसाव्याची सुरुवात, एवढं म्हणता येतं.

काकांना ते पटेना. “आजपर्यंत घरात सगळे पेशवाईच म्हणत आलेत!” तेव्हा आजी शांतपणे म्हणाल्या, “मी कधी म्हटलं? मी एवढंच सांगितलं, की ही माझ्या आजेसासऱ्यांची पेटी.” आम्ही पिढ्या मोजल्या. आजी ८१ वर्षांच्या. एका पिढीला पंचवीस-तीस वर्षं धरली तर आजेसासऱ्यांचं तरुणपण १९०० च्या आसपास येतं. स्क्रू आणि आजी एकच सांगत होते. पेशवाई मधल्या कुणीतरी जोडली होती.

कुठे फसू शकतो?

स्क्रू फक्त ‘याच्या आधीची नाही’ एवढं ठामपणे सांगतो. ‘इतकी जुनी आहेच’ असं तो सांगत नाही. बोथट, वेड्यावाकड्या खाचेचा स्क्रू सापडला म्हणून वस्तू तेवढी जुनी ठरत नाही. दुकानदाराकडे जुना साठा पडून असतो, सुतार मोडक्या कपाटाचे स्क्रू दुसरीकडे वापरतो, आणि जुनं भासवण्यासाठी कुणी ते मुद्दामही बसवतं.

अशा वेळी भोकात डोकवा. मूळचा स्क्रू असेल तर लाकडात त्याच्याच आट्यांचे ठसे असतात, डोक्याभोवती त्याच्याच मापाचा गंजाचा डाग असतो. बोथट स्क्रू काढल्यावर भोकाचा तळ निमुळता दिसला, तर तिथे आधी टोकदार स्क्रू होता असा संशय घ्यायला हवा. आणि डोकं भोकात नीट बसत नसेल, वर उचललेलं किंवा खोल गेलेलं असेल, तर तो पाहुणा समजा.

घरी करून पाहा

घरात जुनं कपाट, देव्हारा, फणेरपेटी, हार्मोनियमची पेटी काहीही असेल तर मुलांना आधी काहीही न उघडता फक्त खाचा बघून चित्रं काढायला सांगा. मधली की सरकलेली, सरळ की फुलीची? मग मोठ्यांच्या देखरेखीखाली एकच स्क्रू काढा, पट्टीची चाचणी करा आणि त्याच भोकात परत बसवा. नोंदीत दोन रकाने ठेवा, ‘घरचे काय सांगतात’ आणि ‘स्क्रू काय सांगतो’.

पेटीचं काय झालं? काकांनी जाहिरातीतला ‘पेशवेकालीन’ शब्द काढला. गिऱ्हाइकाला खरं सांगितलं, तर त्याने भाव निम्म्यावर आणला. काका म्हणाले, “निम्म्याला द्यायची तर राहू दे घरातच.” सुतार आला, झाकण सरळ करून गेला, आणि पुठ्ठ्यावरचा प्रत्येक स्क्रू आपापल्या भोकात परत गेला. छाटलेला तो एक आमच्या विद्यार्थिनीने स्वतः बसवला.