ब्लॉक केलेल्या नंबरला काय ऐकू येतं?

मोबाइलवरून कॉल लावल्यावर कानात वाजणारी रिंग समोरच्या माणसाच्या फोनमधून येत नाही. ती मोबाइल कंपनीच्या यंत्रणेत किंवा कॉल करणाऱ्याच्याच फोनमध्ये तयार होते. समोरचा फोन नेटवर्कला फक्त एक छोटा निरोप पाठवतो: ‘मी वाजतो आहे’. तो निरोप मिळाला की कॉल करणाऱ्याला रिंग ऐकू येते. समोरच्याने कॉलर ट्यून लावली असेल तर ते गाणं नेटवर्क वाजवतं. ब्लॉक करणं आणि अनोळखी नंबर निःशब्द ठेवणं यांतला फरक समजण्यासाठी एवढी गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. या दोन्हींत समोरचा फोन गप्पच असतो, पण तो नेटवर्कला देत असलेलं उत्तर वेगळं असतं.

नंबर ब्लॉक केला की त्याची नोंद सहसा त्या फोनमध्येच होते. मोबाइल कंपनीला तिचा पत्ता नसतो. अँड्रॉइडमध्ये २०१६ साली आलेल्या सातव्या आवृत्तीपासून ही यादी फोनच्या मूळ प्रणालीतच ठेवली जाते आणि ती कॉल व एसएमएस दोन्हींना लागू होते. त्यामुळे ब्लॉक केलेल्या नंबरावरून आलेला कॉल नेहमीसारखा फोनपर्यंत पोहोचतो. फोन नंबर पाहतो, यादीशी ताडून बघतो आणि मालकाला न विचारता कॉल नाकारतो. फोर-जीवरच्या व्हीओएलटीई कॉलमध्ये हा नकार ठरावीक सांकेतिक क्रमांकाने जातो. ४८६ म्हणजे ‘व्यस्त’ आणि ६०३ म्हणजे ‘नकार’. यांपैकी कोणता निरोप जाईल हे फोनवर अवलंबून असतं. तो मिळाल्यावर कोणती ध्वनिमुद्रित सूचना ऐकवायची हे मोबाइल कंपनी ठरवते.

म्हणूनच ब्लॉक झालेल्या माणसाला ऐकू येणारा असा एकच ठरावीक आवाज नाही. भारतात बहुतेकांच्या फोनवर व्हॉइसमेल सुरू नसतो. त्यामुळे रिंगचा एखादा तुकडा ऐकू येतो किंवा तोही येत नाही, आणि लगेच व्यस्त असल्याचा टोन किंवा ‘व्यक्ती दुसऱ्या कॉलवर आहे’ अशा अर्थाची सूचना येते. कॉलर ट्यून असेल तर ती सुरू होताहोताच तुटते. अमेरिकेसारख्या देशात व्हॉइसमेल सर्रास असतो, त्यामुळे तिथे तोच कॉल निरोप ठेवण्याच्या यंत्राकडे वळतो. ब्लॉक केलेल्याने आयफोनवर निरोप ठेवलाच, तर तो व्हॉइसमेलच्या तळाशी वेगळ्या कप्प्यात जाऊन पडतो आणि त्याची कोणतीही सूचना मालकाला मिळत नाही. ‘तुम्हाला ब्लॉक केलं आहे’ असं फोनही सांगत नाही आणि नेटवर्कही सांगत नाही. ब्लॉक करणाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी हे योग्यच आहे. त्रास देणाऱ्याला ब्लॉकची खात्री पटली तर तो दुसऱ्या नंबरावरून लगेच मागे लागू शकतो.

निःशब्द ठेवण्यात यादी नसते, नियम असतो: ओळखीचा नसेल तो नंबर वाजू द्यायचा नाही. याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण व्हॉट्सअ‍ॅपमध्ये दिसतं. २०२३ च्या जूनमध्ये तिथे प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये Silence Unknown Callers ही सोय आली. ती सुरू असताना अनोळखी माणसाचा कॉल आला तर फोन वाजत नाही, पण कॉलच्या यादीत त्याची नोंद राहते. कॉल करणाऱ्याच्या दृष्टीने समोरचा फोन वाजत असतो, फक्त कोणी उचलत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक केलं असेल तर चित्र वेगळं दिसतं. कॉल करणाऱ्याच्या पडद्यावर Calling हा शब्द तसाच राहतो आणि त्याचं Ringing होत नाही, कारण कॉल समोरच्या फोनपर्यंत जातच नाही. पाठवलेल्या मेसेजवरही एकच टिक राहते. अर्थात समोरचा फोन बंद असेल किंवा इंटरनेट नसेल तरी नेमकं हेच दिसतं.

आयफोनच्या साध्या कॉलसाठी याच नावाची सोय २०१९ मध्ये आयओएस १३ बरोबर आली, पण ती थोडी निराळी वागते. संपर्कयादीत नसलेला कॉल ती आवाज न करता व्हॉइसमेलकडे पाठवते आणि अलीकडच्या कॉलमध्ये त्याची नोंद ठेवते. व्हॉइसमेल नसेल तर कॉल करणाऱ्याला फोन व्यस्त असल्यासारखं वाटू शकतं. म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानाला ब्लॉक आणि निःशब्द यांत इथे फरक उरत नाही. फरक उरतो तो फोनच्या मालकाकडे: एकात कॉलची नोंद डोळ्यांसमोर असते, दुसऱ्यात नेहमीच्या यादीत तो कॉल दिसतच नाही.

समजा, पुण्यातल्या एका घरी आयफोनवर ही सोय सुरू आहे आणि कुरिअरवाला दारात उभा राहून कॉल करतो. त्याचा नंबर जतन केलेला नाही, म्हणून फोन गप्प राहतो आणि पार्सल परत जातं. पण संध्याकाळी नोंद दिसते, तिच्यावरून उलट कॉल करता येतो. एकदा असा कॉल केला की दुसऱ्या दिवशी त्याच नंबराचा कॉल वाजतो, कारण नुकताच स्वतः लावलेला नंबर ही सोय ओळखीचा धरते. तोच नंबर मागे कधी जाहिरातीचा समजून ब्लॉक केलेला असता, तर यादीतून काढेपर्यंत तो कधीच वाजला नसता.

अँड्रॉइडवर एक गैरसमज फार पसरलेला आहे. गुगलच्या फोन अ‍ॅपमध्ये ब्लॉक केलेल्या नंबरांच्या पानावर Unknown नावाचं बटण आहे. ते दाबलं की संपर्कयादीत नसलेले सगळे नंबर बंद होतील असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ते फक्त स्वतःचा नंबर लपवून येणारे किंवा ज्यांचा नंबर नेटवर्कला कळत नाही असे कॉल अडवतं. जतन न केलेला पण पडद्यावर दिसणारा नंबर वाजतच राहतो.

आपल्याला ब्लॉक केलं आहे का, हे आवाजावरून ओळखायचं झालं तर कॉल किती वेळ चालतो ते पाहावं. ट्रायने २०१९ मध्ये न उचललेल्या मोबाइल कॉलसाठी रिंगची मुदत ३० सेकंद ठरवली. पूर्ण वेळ रिंग ऐकू आली तर फोनने कॉल नाकारलेला नाही. तो निःशब्द असेल किंवा माणूस जवळ नसेल. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी प्रत्येक कॉल एका रिंगच्या आतच तुटत असेल आणि दुसऱ्या नंबरावरून मात्र नीट वाजत असेल, तर ब्लॉकची शक्यता बळावते. तरीही तो पुरावा नव्हे, कारण आयफोनवरचा निःशब्द नियमही ओळखीच्या आणि अनोळखी नंबरांना असंच वेगळं वागवतो. एसएमएस पोहोचल्याच्या पावतीवरही विसंबू नये. मेसेज फोनपर्यंत पोहोचतो, पावती तिथूनच निघते, आणि फोन तो त्यानंतर लपवतो.

आपत्कालीन मदतीच्या नंबरला कॉल केल्यावर मात्र हे अडथळे काही काळ आपोआप बाजूला होतात, म्हणजे पोलिसांना किंवा रुग्णवाहिकेला उलट कॉल करता यावा. आयफोनवर निःशब्द नियम २४ तास थांबतो. अँड्रॉइडमध्ये ब्लॉकची यादी मूळ रचनेनुसार ४८ तास लागू होत नाही. इतर प्रसंगी ही काळजी मालकालाच घ्यावी लागते. घरातलं कोणी रुग्णालयात असेल, मुलाखतीची वेळ कळायची असेल किंवा सामान घरी यायचं असेल, त्या दिवसांपुरती निःशब्द सोय बंद ठेवावी आणि अपेक्षित नंबर आधीच जतन करून ठेवावेत.